उणे एक विद्यार्थी

नववीच्या गणिताचं पहिलं प्रकरण ‘संच’. ते शिकवून झालं की घरोघरच्या व्हॉट्सअॅपवर वह्यांचे फोटो फिरू लागतात. फोटो बहुधा तिरपा असतो, एका कोपऱ्यात अंगठा आलेला असतो आणि खाली एवढंच लिहिलेलं असतं : ‘काका, उत्तर येत नाहीये. कुठे चुकलं?’ फोटोत एक आयत, त्यात एकमेकांवर चढलेली तीन वर्तुळं आणि पेन्सिलीने भरलेले, खोडलेले, पुन्हा भरलेले आकडे. या आकृतीला पाठ्यपुस्तकात वेन आकृती म्हणतात. तिच्यावरचं उदाहरण सोडवायला बेरीज-वजाबाकीपलीकडचं काहीही लागत नाही, तरी त्यात भलेभले अडकतात. अडकतात ते गणितात नव्हे, तर कुठला आकडा नेमका कुणाला मोजतो हे ठरवताना.

असा एक फोटो आपण घेऊ आणि शेवटपर्यंत सोडवू. वरच्या छापील मजकुरात लिहिलंय : एका शाळेतल्या नववीच्या १२० विद्यार्थ्यांपैकी ५२ जण कबड्डी खेळतात, ४५ जण खो-खो आणि ६१ जण क्रिकेट. कबड्डी व खो-खो हे दोन्ही खेळ खेळणारे २०, खो-खो व क्रिकेट दोन्ही खेळणारे १८, कबड्डी व क्रिकेट दोन्ही खेळणारे २३. तिन्ही खेळ खेळणारे ८. तर फक्त कबड्डी खेळणारे किती, नेमके दोन खेळ खेळणारे किती आणि यातला एकही खेळ न खेळणारे किती?

खाली कोरी आकृती छापलेली आहे आणि मुलाने ती भरायला घेतली आहे. तिन्ही वर्तुळं जिथे एकत्र येतात त्या मधल्या जागेत ८ आहे. त्याभोवतीच्या तीन पाकळ्यांत २०, १८ आणि २३. कबड्डीच्या उरलेल्या भागात १. खो-खोच्या उरलेल्या भागात काहीतरी लिहून इतकं खोडलंय की कागद फाटायला आलाय.

आकडे तपासण्याआधी आकृती वाचून घेऊ. प्रत्येक विद्यार्थ्याला आपण तीन प्रश्न विचारतोय : कबड्डी खेळतोस का, खो-खो खेळतोस का, क्रिकेट खेळतोस का. प्रत्येकाचं उत्तर हो किंवा नाही. म्हणजे उत्तरांचे एकूण प्रकार दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठ. आकृतीतही बरोबर आठ भाग असतात. मधला एक, त्याभोवतीच्या तीन पाकळ्या, प्रत्येक वर्तुळाचा स्वतःपुरता उरलेला चंद्रकोरीसारखा एकेक भाग, आणि वर्तुळांच्या बाहेर पण आयताच्या आत राहिलेली जागा. या आठव्या भागाकडे मुलं हमखास दुर्लक्ष करतात, कारण तिथे वर्तुळ नसतं. पण आयत म्हणजे सगळे १२० विद्यार्थी, पुस्तकाच्या भाषेत विश्वसंच, आणि जो काहीच खेळत नाही तोही त्या आयतातच कुठेतरी उभा आहे. फोटो काढताना नेमका आयताचा कोपराच कापला जातो, ही आणखी एक अडचण.

प्रत्येक विद्यार्थी या आठपैकी एका आणि एकाच भागात असतो. एवढं मनात पक्कं असलं की बाकीचं सोपं होतं. पानाला बाक आल्यामुळे फोटोत वर्तुळं अंड्यासारखी दिसत असतील तरी बिघडत नाही. आकृतीत लांबी-रुंदीला आणि क्षेत्रफळाला अर्थ नसतो. २३ची पाकळी १८च्या पाकळीपेक्षा लहान दिसली म्हणून काही चुकत नाही. कोण कुणाच्या आत आणि कोण कुणाच्या बाहेर, एवढंच पाहायचं.

ही आकृती ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते जॉन वेन केंब्रिजमध्ये तर्कशास्त्र शिकवत. १८८० साली त्यांनी या आकृत्यांवरचा निबंध प्रसिद्ध केला. वर्तुळं काढून तर्क मांडायची पद्धत त्यांच्या आधीचीच, आणि ती गाजली होती ऑयलर या गणितज्ञामुळे. ऑयलर परिस्थिती असेल तशी वर्तुळं काढत. दोन गटांत सामाईक कुणी नसेल तर वर्तुळं दूरदूर, एक गट दुसऱ्यात पूर्ण सामावत असेल तर वर्तुळात वर्तुळ. वेन यांनी क्रम उलटा केला. आधी सगळ्या शक्यतांचे सगळे भाग काढून ठेवायचे, आणि मग जो भाग रिकामा असल्याचं कळेल तो रेघांनी भरून टाकायचा. आपल्या उदाहरणासाठी ही पद्धत फार सोयीची आहे, कारण कुठल्या भागात कुणी आहे आणि कुठे कुणीच नाही हे सुरुवातीला आपल्याला ठाऊक नसतं. वर्तुळं एकमेकांवर चढवून काढायची आणि रिकाम्या भागात शेवटी शून्य लिहायचं. एखाद्या मुलाने दोन वर्तुळं सुटी काढली असतील, तर तिथे शून्य आहे हे त्याने न मोजताच ठरवून टाकलंय असं समजावं.

रेघांबद्दल एक सावधगिरी. वेन यांच्याकडे रेघा मारलेला भाग म्हणजे रिकामा भाग. आपल्या शाळेच्या पुस्तकांत रेघा किंवा रंग भरलेला भाग म्हणजे ‘हा भाग विचारलाय’. दोन्ही अर्थ अगदी उलट. त्यात फोटोमध्ये हाताची सावली किंवा मागच्या पानावरची शाई उतरलेली असली, तर न भरलेला भागही भरलेला वाटतो. म्हणून आकृतीसोबतचा मजकूर मागवून घ्यावा. नुसत्या आकृतीवरून उत्तर देऊ नये.

आता भरायला घेऊ. मजकुरात सात आकडे आहेत, एकूण १२० धरले तर आठ. भागही आठच. पण कुठल्या आकड्याला कुठला भाग द्यायचा हे सरळ दिसत नाही. ‘५२ जण कबड्डी खेळतात’ हा आकडा कबड्डीच्या अख्ख्या वर्तुळाचा, म्हणजे चार भागांचा मिळून आहे. ‘कबड्डी व खो-खो दोन्ही खेळणारे २०’ हा आकडा दोन भागांचा आहे : पाकळी आणि मधला भाग. क्रिकेटही खेळणाऱ्या मुलाला विचारलं, ‘कबड्डी आणि खो-खो दोन्ही खेळतोस का?’ तर तो हो म्हणणार. मजकुरात ‘फक्त’ नाही, म्हणून त्या २०मध्ये तोही आला. एकाच भागाचा असा आकडा एकच आहे, तिन्ही खेळणाऱ्यांचा ८. म्हणून सुरुवात तिथूनच करायची. मधून सुरू करावं असं शिक्षक सांगतात त्यामागे एवढंच कारण आहे : बाकीचे आकडे मिसळलेले आहेत, आणि त्यांतून काढून टाकण्याजोगी एकच सुटी रक्कम हातात आहे.

मधे ८ लिहिले. आता कबड्डी-खो-खोची पाकळी. दोन्ही खेळणारे २०, त्यांपैकी ८ आधीच मध्ये बसलेत, उरले १२. पाकळीत १२. खो-खो-क्रिकेटच्या पाकळीत १८ वजा ८, म्हणजे १०. कबड्डी-क्रिकेटच्या पाकळीत २३ वजा ८, म्हणजे १५.

मग वर्तुळं. कबड्डीच्या वर्तुळात एकूण ५२ हवेत. त्यात मधले ८ आणि दोन पाकळ्यांतले १२ व १५ बसले, म्हणजे ३५. उरलेले १७ फक्त कबड्डीवाले. खो-खोच्या वर्तुळात ४५. त्यांतून ८, १२ आणि १० असे ३० गेले, उरले १५. क्रिकेटमध्ये ६१, ८, १० आणि १५ मिळून ३३ गेले, उरले २८. इथे एक नेहमीची गफलत होते. वर्तुळातून वजा करताना मुलं नुकत्याच काढलेल्या १२ आणि १५ऐवजी मजकुरातले २० आणि २३ वजा करतात आणि वर मधले ८ही वजा करतात. म्हणजे मधले आठजण तीनदा बाहेर काढले जातात. वर्तुळातून वजा करायचं ते आकृतीत लिहिलेल्या भागांतून पाहून. त्या घटकेला मजकुराकडे पाहायचं ते फक्त वर्तुळाच्या बेरजेसाठी.

वर्तुळांच्या आतले सातही भाग आता भरले : ८, १२, १०, १५, १७, १५, २८. बेरीज १०५. एकूण १२०, म्हणून आयताच्या कोपऱ्यात १५. आठवा भागही मिळाला.

प्रश्नांची उत्तरं आता नुसती वाचायची. फक्त कबड्डी १७. नेमके दोन खेळ म्हणजे तीन पाकळ्या, १२ अधिक १० अधिक १५, एकूण ३७. एकही नाही १५. ‘किमान दोन खेळ’ विचारलं असतं तर ३७मध्ये मधले ८ मिळवून ४५. ‘कबड्डी खेळतो पण क्रिकेट नाही’ विचारलं असतं तर १७ आणि १२, म्हणजे २९. शब्द बदलला की बेरजेत घ्यायचे भाग बदलतात, भागांतले आकडे तेच राहतात.

आता वहीत काय झालं ते पाहू. मुलाने मजकुरातले २०, १८, २३ जसेच्या तसे पाकळ्यांत लिहिले. म्हणजे तिन्ही खेळणाऱ्या आठजणांना त्याने मध्येही बसवलं आणि तिन्ही पाकळ्यांतही. कबड्डीच्या वर्तुळात २०, २३ आणि ८ मिळून ५१ झाले आणि ५२ पुरे करायला १ उरला. हे विचित्र वाटलं तरी अशक्य नाही, म्हणून तो पुढे गेला. खो-खोच्या वर्तुळात २०, १८ आणि ८, एकूण ४६. पण खो-खो खेळणारे आहेतच ४५. म्हणजे फक्त खो-खो खेळणारे उणे एक! खोडाखोड झाली ती इथे. उणे एक विद्यार्थी शाळेत नसतो हे त्याला कळलं होतं. चूक खो-खोच्या वजाबाकीत असेल असं धरून तो तिथेच खोडत बसला. चूक दोन पायऱ्या मागे, पाकळ्यांत होती.

हा उणे एक खरं तर मोठा उपकारी, कारण तो चूक लपू देत नाही. पण दरवेळी तो भेटतोच असं नाही. समजा मजकुरात खो-खो खेळणारे ४५ऐवजी ५० असते. मग मुलाच्या पद्धतीने फक्त खो-खोचे ४ आले असते, फक्त क्रिकेटचे ६१ वजा ४९ म्हणजे १२, आणि सगळं सुरळीत वाटलं असतं. सात भागांची बेरीज ८६ झाली असती आणि एकही न खेळणारे ३४ निघाले असते. बरोबर पद्धतीने तेच १० निघतात. दोन्हींत कुठेही उणे आकडा नाही, आणि चुकीचं उत्तर डोळ्यांना खटकत नाही.

अशा वेळी एक पडताळा हाताशी ठेवावा. आपल्या मूळ उदाहरणात तिन्ही वर्तुळांचे आकडे मिळवा : ५२, ४५ आणि ६१, एकूण १५८. वर्गात मुलं १२०च, मग १५८ आले कुठून? एक खेळ खेळणारा या बेरजेत एकदा येतो, दोन खेळणारा दोनदा, तिन्ही खेळणारा तीनदा. जणू प्रसादाच्या रांगेत तो पुन्हा पुन्हा उभा राहतोय. तेव्हा भरलेल्या आकृतीतून हीच बेरीज परत उभी राहिली पाहिजे. फक्त एक खेळ खेळणारे १७, १५ आणि २८, मिळून ६०. नेमके दोन खेळणारे ३७, दुप्पट ७४. तिन्ही खेळणारे ८, तिप्पट २४. साठ, चौऱ्याहत्तर आणि चोवीस मिळून १५८. जुळलं. यात वर्तुळांतल्या बेरीज-वजाबाकीची चूक सापडते. पाकळीचा अर्थच चुकीचा घेतला असेल तर मात्र हा पडताळाही जुळतो, कारण त्या चुकीच्या अर्थानेही वर्तुळं पूर्ण भरलेली असतात. म्हणून त्यासाठी दुसरा पडताळा : पाकळी आणि मधला भाग मिळवून मजकुरातला दोन्हींचा आकडा येतो का? १२ आणि ८, वीस. येतो. मुलाच्या आकृतीत २० आणि ८, अठ्ठावीस. नाही येत. पाच सेकंदांचं काम, पण मुलं ते करत नाहीत.

कधी फोटोत मजकूर नसतोच; आकडे आधीच छापलेली आकृती असते आणि तिच्यावर प्रश्न असतात. तिथे नियम उलटा लागतो. पाकळीत छापलेला आकडा त्या पाकळीचाच, म्हणजे त्या दोघांचा पण तिसऱ्याचा नाही. त्यातून मधला आकडा वजा करायचा नाही. वर्तुळाच्या बाहेर, खेळाच्या नावाशेजारी आकडा असेल तर तो अख्ख्या वर्तुळाचा. आणि आकडा नेमका रेषेवर छापला गेला असेल, किंवा तिरप्या फोटोमुळे तसा दिसत असेल, तर अंदाज न करता सरळ वरून काढलेला दुसरा फोटो मागावा. पेन्सिलीचा १ आणि ९ यांतही फोटोत गोंधळ होतो; त्याचा निकाल मात्र बेरजेवरून लागू शकतो.

बेरजेवरून आणखीही बरंच निघतं. समजा फ्लॅशचा चकाका नेमका मजकुरातल्या तिन्ही खेळांच्या आकड्यावर पडलाय आणि तो वाचता येत नाही. पण एकही खेळ न खेळणारे १५ असल्याचं मजकुरात दिलंय. आता मधला भागच अज्ञात. त्याला ‘क्ष’ म्हणू आणि तीच वाट पुन्हा चालू. पाकळ्या २० वजा क्ष, १८ वजा क्ष, २३ वजा क्ष. कबड्डीच्या वर्तुळातून दोन पाकळ्या आणि क्ष काढले की ९ अधिक क्ष उरतात. तसंच फक्त खो-खो ७ अधिक क्ष, फक्त क्रिकेट २० अधिक क्ष. सातही भाग मिळवले की बहुतेक क्ष एकमेकांना छेदतात आणि ९७ अधिक क्ष उरतं. वर्तुळांत एकूण १२० वजा १५, म्हणजे १०५ असायला हवेत. म्हणून क्ष आठ.

तो ९७ कुठून आला पाहा : १५८मधून दोन-दोनचे तिन्ही आकडे, २०, १८ आणि २३ म्हणजे ६१, वजा केले की ९७. दोन वर्तुळांसाठी पुस्तकात n(A ∪ B) = n(A) + n(B) − n(A ∩ B) हे सूत्र दिलेलं असतं; तीन वर्तुळांत त्याचाच विस्तार होतो. वर्तुळं मिळवायची, दोघांचे छेद वजा करायचे. पण तिन्ही खेळणारा मुलगा तीनदा मिळवला गेला आणि तीनदाच वजा झाला, म्हणजे मोजणीतून पार गायब झाला. म्हणून शेवटी तिघांचा छेद पुन्हा मिळवायचा. सूत्र पाठ असेल तर एका ओळीत १०५ मिळतात. तरीही मी मुलांना आकृतीच भरायला सांगतो. सूत्र एकूण आकडा देतं, पण ‘फक्त कबड्डी किती’ हे त्यातून थेट मिळत नाही, आणि पाकळीतली चूकही त्यात दिसत नाही.

मधला ८ही नाही आणि बाहेरचा १५ही नाही, अशी वेळ आली तर? मग क्ष काढताच येत नाही. पाकळी उणे होऊ नये म्हणून क्ष १८पेक्षा जास्त असू शकत नाही. शून्यापासून १८पर्यंतची कुठलीही पूर्ण संख्या चालते, आणि त्यानुसार एकही न खेळणारे २३पासून ५पर्यंत बदलतात. असा फोटो आला की डोकं खाजवत बसू नये. उदाहरण अपुरं आहे, पानाचा राहिलेला भाग पाठव, असं कळवावं.

मुलाने क्रिकेटचं वर्तुळ काढलंच आहे, तर वेन यांच्याबद्दल आणखी एक. त्यांना यंत्रं बनवायची हौस होती आणि त्यांनी चेंडू टाकणारं एक यंत्र बनवलं होतं. १९०९ साली ऑस्ट्रेलियाचा क्रिकेट संघ केंब्रिजला आला तेव्हा त्या यंत्राने त्यांच्या एका नामवंत खेळाडूचा चार वेळा त्रिफळा उडवला, असं सांगतात. केंब्रिजच्या ज्या कॉलेजात ते होते तिथल्या जेवणघराच्या एका खिडकीत रंगीत काचांची तीन वर्तुळं बसवलेली आहेत.

तीनच का, हा प्रश्न हुशार मुलं विचारतात. चौथा खेळ घेतला, समजा मल्लखांब, तर हो-नाहीचे प्रकार सोळा होतात. पण चार वर्तुळं कशीही मांडली तरी बाहेरची जागा धरून जास्तीत जास्त चौदा भाग पडतात. म्हणजे दोन प्रकारच्या मुलांना आकृतीत जागाच उरत नाही. वेन यांना हे ठाऊक होतं आणि चार गटांसाठी त्यांनी वर्तुळांऐवजी लंबवर्तुळं वापरली. तशी आकृती काढता येते, पण सोळा भागांत कुठला कुणाचा हे ओळखतानाच दमछाक होते. चार खेळांचं उदाहरण आलंच तर आकृती सोडावी आणि सोळा ओळींचा तक्ता करावा. चारही खेळ खेळणाऱ्यांची ओळ सर्वांत आधी भरायची.